लाख-कोटीची पीपीटी मिलियनमध्ये नेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल या पट्ट्यातल्या फौंड्र्यांच्या पीपीटी मी बरीच वर्षं करून देतोय. परदेशी खरेदीदार, नाहीतर त्यांची बँक, असा वाचक असला की पहिला फोन ठरलेला: "ते कोटीचं मिलियन करून द्या, दहा मिनिटांचं काम आहे." गुणाकार दहा मिनिटांचाच असतो, बाकीच्याला अख्खा दिवस जातो. फोनवर तेच तेच सांगून झाल्यावर हे पान लिहायला घेतलं.

नेमकं कशाचं काय होतं?

दहा लाख म्हणजे एक मिलियन, एक कोटी म्हणजे दहा मिलियन, शंभर कोटी म्हणजे एक बिलियन. आकडा लाखात असेल तर दहाने भागायचं, कोटीत असेल तर दहाने गुणायचं, की मिलियन हातात येतात. चूक बहुतेक वेळा इथेच होते. एकाच पीपीटीत दोन्ही तऱ्हेचे आकडे असतात आणि एकाला भागायचं तर दुसऱ्याला गुणायचं असतं. दिशा चुकली की आकडा शंभरपटीने चुकतो.

मिलियन आपल्याला परके नाहीत. राधानगरीच्या पाण्याच्या बातम्या आपण टीएमसीत वाचतो. टीएमसी म्हणजे हजार मिलियन घनफूट, म्हणजे एक बिलियन घनफूट. पंचगंगेच्या सांडपाण्याचं एमएलडी म्हणजे दिवसाला मिलियन लिटर. शाळेत शिकलेले दशलक्ष आणि अब्ज हेच मिलियन आणि बिलियन. पाण्याला आपण दशलक्ष लावतो आणि पैशाला कोटी, एवढाच फरक आहे.

मग `Cr` शोधून त्या जागी `million` टाकलं की झालं ना?

मी हे एकदा केलंय, म्हणून सविस्तर सांगतो. एका फौंड्रीची बावीस स्लाइडची पीपीटी होती, वाचक जर्मन खरेदीदार. रात्री घाईत ठरवलं की आधी शब्द बदलून घेऊ आणि मग एकेक आकडा दहाने गुणू. शब्द सगळीकडे बदलले. आकडे गुणता गुणता एक स्लाइड राहून गेली. नव्या मोल्डिंग लाइनचा खर्च `Rs. 12.5 Cr` होता, तो `Rs. 12.5 million` होऊन गेला. साडेबारा कोटींची लाइन सव्वा कोटीत आली. समोरच्याला वाटलं आपण जुनं मशीन आणून रंग मारतोय.

दुसरी गंमत त्याहून वाईट. त्याच पीपीटीत एसजी आयर्नच्या रासायनिक घटकांचा तक्ता होता. त्यात कार्बन, सिलिकॉन, मँगनीज यांच्या रांगेत क्रोमियम, आणि क्रोमियमची खूण `Cr`. तक्त्यात `million 0.05` असं छापून गेलं. केस जुळवा, पूर्ण शब्द जुळवा, या दोन्ही खुणा मी लावल्या होत्या. त्यांचा उपयोग शून्य, कारण दोन्हीकडे `Cr` अक्षरशः सारखंच आहे. खरेदीदाराच्या क्वालिटीच्या माणसाने मेलमध्ये सभ्यपणे विचारलं की हा कुठला धातू.

फौंड्रीच्या बाहेरही `Cr` सुरक्षित नाही. हिशेबाच्या माणसाला ते क्रेडिट वाटतं, मग तो परदेशातला असो की आपला सीए. `L` तर लिटरच वाटतो. म्हणून आता मी शोधा-बदला फक्त शोधायला वापरतो. `Cr`, `L`, `lakh`, `lac`, `crore`, `Rs` असे एकेक शब्द टाकून सापडलेल्या जागांची यादी कागदावर करायची, आणि बदल हाताने. चित्र म्हणून चिकटवलेल्या तक्त्यात हा शोध पोचत नाही, चार्टमधल्या आकड्यांतही पोचत नाही. त्या स्लाइड डोळ्यांनीच बघाव्या लागतात.

एक स्लाइड पूर्ण करून दाखवता का?

दाखवतो. उदाहरणासाठी आकडे मी घेतलेत, पण मांडणी रोजच्या पाहण्यातली आहे. मूळ स्लाइड अशी:

```
Revenue (FY 2024-25)    Rs. 86.45 Cr
EBITDA                  Rs. 1,124 L
Term loan               Rs. 9,50,00,000
New moulding line       Rs. 12 Cr 50 L
Volume                  60.88 lakh kg
Avg. realisation        Rs. 142/kg
```

सहा ओळी आणि एककं चार-पाच तऱ्हेची. आपल्या डोळ्यांना हे खटकतही नाही, कारण तोंडाने आपण असंच बोलतो: उलाढाल कोटीत, नफा लाखात, कर्ज बँकेच्या पत्रात जसं छापलंय तसं.

मी आधी सगळे आकडे एक्सेलमध्ये पूर्ण रुपयांत उतरवतो. कोटी असेल तर कोटीने गुणून, लाख असेल तर लाखाने गुणून. मग प्रत्येकाला एकदाच, एकाच दिशेने, दहा लाखांनी भागतो:

```
=86.45*10000000/1000000
=1124*100000/1000000
=95000000/1000000
=(12*10000000+50*100000)/1000000
```

थेट दहाने गुणण्या-भागण्यापेक्षा हे लांबचं वाटेल. पण यात मूळ एकक सूत्रातच लिहिलेलं राहतं. सहा महिन्यांनी फाइल उघडली तरी कळतं की 1124 हे लाख होते. नवी स्लाइड अशी होते:

```
INR million unless stated; FY = Apr 2024 to Mar 2025
Revenue                 864.5
EBITDA                  112.4
Term loan                95.0
New moulding line       125.0
Volume                  6,088 tonnes
Avg. realisation        INR 142 per kg
```

एकक वरच्या ओळीत एकदाच आलं, आकड्यांच्या मागची शेपटी गेली. किलोचा दर बदलला नाही, तो रुपयांतच राहिला. आणि 60.88 लाख किलोचं मी 6.088 मिलियन किलो केलं नाही, टन केलं. ओतकामाचा माणूस जगात कुठेही टनातच विचार करतो.

आर्थिक वर्षाची ओळही त्याच ठिकाणी टाकली. त्यांच्याकडे वर्ष बहुधा डिसेंबरला संपतं, आपलं मार्चला. `FY25` वाचून कुणी ते 2025 चं कॅलेंडर वर्ष धरलं, तर आकडा बरोबर असूनही तुलना चुकते.

बदललेले आकडे बरोबर आहेत हे कसं ओळखायचं? परत गुणून बघायचं का?

परत गुणलं तर तीच चूक तुम्ही त्याच हाताने पुन्हा कराल. मी भागाकार करून बघतो, आणि तोही ज्याचं उत्तर मला आधीच माहीत आहे असा. वरच्या स्लाइडवर उलाढाल 864.5 मिलियन रुपये आणि माल 6.088 मिलियन किलो. एकाला दुसऱ्याने भागलं की 142 येतात, म्हणजे किलोचा दर, जो फौंड्रीतल्या कुणालाही झोपेत विचारला तरी सांगता येतो. उत्तर 14.2 किंवा 1,420 आलं, तर कुठेतरी शून्य सरकलंय हे उघड आहे.

तसंच टक्क्यांचं. मूळ आकड्यांत एबिटडा उलाढालीच्या 13 टक्के होता, 1,124 भागिले 8,645. नव्यात 112.4 भागिले 864.5, पुन्हा 13. एकक बदलल्याने टक्के कधीच बदलत नाहीत. बदलले, तर दोनांपैकी एकच आकडा बदललाय किंवा दोन्ही वेगवेगळ्या दिशेने बदललेत. साडेबारा कोटींच्या लाइनची चूक मला तेव्हाच सापडली असती. कर्जाची स्लाइड सांगत होती की लाइनसाठी 95 मिलियन कर्ज घेणार, आणि खर्चाची स्लाइड सांगत होती लाइनच 12.5 मिलियनची. खर्चाच्या साडेसात पट कर्ज! दोन स्लाइड शेजारी ठेवून वाचल्या असत्या तर दिसलं असतं. मी वाचल्या नाहीत.

दशांश किती ठेवायचे?

हिशेब सोपा जमून आलाय. कोटीत दोन दशांश म्हणजे लाखापर्यंतचा तपशील. मिलियनमध्ये एक दशांश म्हणजेही लाखापर्यंतचाच. म्हणून 86.45 कोटींचे 864.5 मिलियन. शेवटी शून्य जोडून 864.50 लिहिलं, तर दहा हजार रुपयांपर्यंत मोजल्याचा आव आणल्यासारखं होतं.

उलट बाजूने जास्त त्रास होतो. मालक बोलताना "शहाऐंशी कोटी" म्हणतात, कुणीतरी तेवढंच स्लाइडवर घेतो आणि त्याचे 860 मिलियन करतो. वाचकाला 860 हा मोजलेला आकडा वाटतो, आणि त्यात पंचेचाळीस लाख गायब आहेत. बदल नेहमी मूळ आकड्यावरून करायचा, गोल केलेल्यावरून नाही.

बेरजेचंही तसंच. तीन उत्पादनगटांची विक्री 31.74, 29.38 आणि 25.33 कोटी, बेरीज 86.45. एका दशांशात 317.4, 293.8, 253.3 आणि 864.5, चोख जुळतं. पण "पूर्णांकात ठेवा, स्वच्छ दिसतं" असं कुणी म्हटलं, तर 317, 294 आणि 253 यांची बेरीज 864 होते आणि खाली एक्सेल 865 दाखवतं. तेव्हा बेरीज हाताने 864 करायची नाही. तळाला लहान अक्षरांत लिहायचं की आकडे गोल केल्याने बेरजेत फरक पडू शकतो. किंवा सरळ तो एक दशांश राहू द्यायचा. मी राहू देतो.

मिलियन लिहू की बिलियन?

उलाढाल शंभर कोटींच्या आत असेल तर प्रश्नच नाही, मिलियन. पुढे गेली, समजा 186.4 कोटी झाली, तरी मी 1,864 मिलियनच लिहितो. कारण त्याच स्लाइडवर नफा आणि कर्ज मिलियनमध्ये असतात, आणि एका तक्त्यात दोन एककं आली की ज्यातून सुटायचं होतं त्यातच परत अडकायचं.

वाचक जर्मन असेल तर आणखी एक कारण आहे. जर्मनमध्ये हजार मिलियनला `Milliarde` म्हणतात आणि त्यांचा `Billion` म्हणजे आपले एक लाख कोटी. इंग्रजी पीपीटी वाचणाऱ्या जर्मन माणसाला बहुतेक वेळा हे ठाऊक असतं, तो गोंधळत नाही. पण त्यांच्या ऑफिसात कुणी आकडे आपल्या तक्त्यात उतरवून घेत असेल, तर घसरायला जागा राहते. शिवाय तिकडे दशांशासाठी स्वल्पविराम आणि हजारासाठी टिंब वापरतात. `1.864 billion` मधलं 1.864 त्या डोळ्यांना एक हजार आठशे चौसष्ट दिसू शकतं. टिंबानंतर बरोबर तीन अंक आले की हा धोका. जर्मन वाचकासाठी मी तीन दशांश कुठेच ठेवत नाही.

बिलियन-ट्रिलियनची खरी गरज बाजारपेठेच्या स्लाइडवर लागते. 2024-25 च्या केंद्रीय अर्थसंकल्पात भांडवली खर्चाची तरतूद 11,11,111 कोटी रुपये होती, म्हणजे 11.11 लाख कोटी. लाख कोटी म्हणजे ट्रिलियन, तेव्हा हे 11.11 ट्रिलियन रुपये. "लाख कोटी" हा शब्द तसाच ठेवू नका. परदेशी वाचकाला दोन एककं एकमेकांवर का ठेवलीत ते कळत नाही.

स्वल्पविराम आपोआप बदलतात का?

कधी हो, कधी नाही, आणि हाच ताप आहे. एक्सेलमधला साधा `#,##0` फॉरमॅट स्वल्पविराम कुठे टाकायचे हे विंडोजच्या सेटिंगवरून ठरवतो. आपल्या कॉम्प्युटरवर भारत निवडलेला असेल तर 9,50,00,000 दिसतं. तीच फाइल श्टुटगार्टमध्ये उघडली की तीन-तीन अंकांचे गट पडतात. म्हणजे एक्सेल पाठवलं तर ते तिकडे जुळवून घेतं. पण पीडीएफ केलं किंवा तक्ता चित्र म्हणून चिकटवला, तर आपले स्वल्पविराम गोठून तसेच जातात. वाचकाला ती टायपिंगची चूक वाटते.

पीडीएफ करण्याआधी मी कंट्रोल पॅनलमध्ये `Region`, मग `Additional settings`, मग `Digit grouping` इथे जाऊन तीन-तीनचा गट निवडतो. काम झालं की परत आपला. परत करायला विसरलात तर दुसऱ्या दिवशी अकाउंटंट ओरडतो.

काही फाइलींत मात्र कुणीतरी इंटरनेटवरून घेतलेला हा फॉरमॅट लावलेला असतो:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0;[>=100000]##\,##\,##0;##,##0
```

यात स्वल्पविराम ठोकून बसवलेत, सेटिंग बदलून हलत नाहीत. तो काढून `#,##0.0` लावायचा. ऋण आकडे या फॉरमॅटमध्ये तसेही नीट बसत नाहीत, कारण ते दोन्ही अटींत न बसता शेवटच्या भागात जातात.

आणखी एक चलाखी माहीत असू द्या. `#,##0.0,,` हा फॉरमॅट पूर्ण रुपयांतला आकडा मिलियनमध्ये दाखवतो, 95000000 चं 95.0 होतं. छान आहे, पण तो फक्त दाखवतो, आतला आकडा तसाच राहतो. आणि ज्या रकान्यात आकडे आधीच लाखात लिहिलेत तिथे लावला, तर 1124 चं 0.0 होतं. नफा शून्य!

चार्टचं काय?

चार्टच्या अक्षाला `Display units` नावाची सोय असते. त्यात मिलियन-बिलियनबरोबर 100000 आणि 10000000 सुद्धा असतात, म्हणजे लाख आणि कोटी. जुन्या चार्टमध्ये बऱ्याचदा हेच निवडलेलं असतं आणि शेजारची एककाची चिठ्ठी कुणीतरी पुसून टाकलेली असते. तुम्ही खालच्या डेटात मिलियन टाकले तरी अक्ष त्याला पुन्हा कोटीने भागत बसतो. आधी तिथे `None` करा, मग डेटा बदला, मग शीर्षकात एकक हाताने लिहा. खांबांची उंची आधीसारखीच दिसली पाहिजे, नुसते अक्षावरचे आकडे बदलले पाहिजेत.

रुपये डॉलरमध्येही करून टाकू का, एकाच फटक्यात?

एकाच फटक्यात नको. आधी सगळी पीपीटी रुपयांच्या मिलियनमध्ये करा, वर दिलेली तपासणी करा, आणि मग लागलंच तर चलन. दोन्ही एकदम केलं की चूक शून्याची आहे की दराची ते सापडत नाही.

चलन बदलताना दर आणि त्याची तारीख स्लाइडवरच लिहायची. वर्षभराच्या विक्रीला वर्षाचा सरासरी दर, आणि 31 मार्चच्या कर्जाला त्या दिवसाचा दर, अशी हिशेबाची पद्धत आहे. सगळ्याला एकच दर लावायचा तर तसं लिहून लावा. मी तर बहुतेक वेळा रुपयेच ठेवतो आणि दोन-तीन मोठ्या आकड्यांपुढे युरो देतो. एक धोका मात्र लक्षात ठेवा: नुसतं `864.5 million` दिसलं की वाचक ते आपल्याच चलनात वाचतो. `INR` प्रत्येक स्लाइडवर हवं, फक्त पहिल्यावर नाही; कारण पुढे पाठवताना लोक एकच स्लाइड कापून पाठवतात.

नग, माणसं, चौरस फूट, यांचंही मिलियन?

नाही. 1.2 लाख नग म्हणजे 120,000 नग. 0.12 मिलियन नग असं कुणी म्हणत नाही. दहा लाखांच्या आतलं पूर्ण अंकांत, तीन-तीनच्या स्वल्पविरामासह.

कायद्यातल्या मर्यादा कोटीत आहेत. त्या बदलायच्या?

मूळ शब्द ठेवा आणि शेजारी मिलियन द्या. उदाहरणार्थ, 1 एप्रिल 2025 पासून लघु उद्योगाची उलाढालीची मर्यादा 100 कोटी आहे. तिथे `INR 100 crore, i.e. INR 1,000 million` असं लिहावं. वाचकाच्या वकिलाने अधिसूचना उघडली तर त्याला तोच आकडा दिसला पाहिजे.

ताळेबंदच मिलियनमध्ये काढला तर?

चालतं. कंपनी कायद्याच्या अनुसूची 3 मध्ये लाखाबरोबर मिलियनलाही परवानगी आहे, उलाढाल शंभर कोटींच्या आत असो की बाहेर. अट एवढीच की जे एकक घ्याल ते सगळ्या पत्रकांत एकच. निर्यात जास्त असेल तर सीए साहेबांना विचारून बघा. दरवर्षीची ही कसरत मुळातच वाचते. पण बँकेचा इथला माणूस लाखात मागतो, म्हणून बहुतेक जण बदलत नाहीत.

स्लाइड सगळ्या झाल्या. आता तरी पाठवू?

स्पीकर नोट्स बघितल्या का? स्लाइडखाली मालकांसाठी लिहिलेल्या ओळी असतात, आणि त्या सगळ्यात शेवटपर्यंत कोटीतच राहतात. मीटिंगमध्ये मालक तेच वाचतात. स्लाइडवर 125 आणि तोंडात "ट्वेल्व्ह पॉइंट फाइव्ह क्रोर", समोरचे गप्प होतात. एका मालकांना मी नोट्समध्ये सगळं मिलियनमध्ये लिहून दिलं, तर ते म्हणाले, "अहो, मिलियन म्हटलं की मला आकडा दिसतच नाही, पैसे कुणा दुसऱ्याचे वाटतात." मग आम्ही एक तोडगा काढला. नोट्समध्ये प्रत्येक आकडा दोनदा: बोलायचा तो मोठ्या अक्षरात, इंग्रजी शब्दांत, आणि त्याच्याखाली बारीक अक्षरात, मराठीत, "म्हणजे साडेबारा कोटी". पाठवायच्या प्रतीतून नोट्स काढून टाकायच्या, `Inspect Document` मध्ये ती सोय आहे.